उत्तर न देणाऱ्या ग्राहकाला शेवटचा मेल: ब्रेकअप ईमेलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळख नसलेल्या कंपनीला कामासाठी मेल लिहिणारे छोटे उद्योजक, सल्लागार आणि सेल्सची माणसं यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे, म्हणजे मुद्दा हवेत राहणार नाही. पुण्यातली एक छोटी फर्म कारखान्यांमध्ये कॉम्प्रेसरच्या हवेची गळती शोधून देते आणि कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्री मालकांना मेल पाठवते. तुमचा धंदा वेगळा असला तरी मेलची रचना हीच राहील.

ब्रेकअप मेल म्हणजे नेमका कोणता मेल?

एकाच माणसाला एकाच कामासाठी ठरावीक अंतराने पाठवलेल्या मेलच्या मालिकेला सेल्समध्ये सीक्वेन्स म्हणतात. पहिला मेल, त्यानंतरचे दोन-तीन फॉलोअप आणि तरीही काही उत्तर नाही, अशा वेळी मालिका बंद करणारा मेल म्हणजे ब्रेकअप मेल. त्यात आपण तीन गोष्टी सांगतो. आपण थांबतो आहोत, समोरच्यावर कसलंही ओझं नाही, आणि पुढे कधी गरज पडली तर आपण कुठे सापडू.

त्याचं पहिलं काम मालिका नीट बंद करणं हेच आहे. उत्तर येणं हा दुसरा फायदा. हा क्रम डोक्यात उलटा झाला की मेलमध्ये लगेच आर्जव किंवा दबाव शिरतो, आणि वाचणाऱ्याला तो पहिल्याच ओळीत जाणवतो.

आधीच्या तीन मेलना उत्तर न देणारा माणूस याच मेलला का देतो?

मौनाचा अर्थ नकार, असं आपण धरून चालतो. फाउंड्री मालकाचा दिवस मात्र वेगळा असतो. सकाळी फर्नेसचा चार्ज, दुपारी ग्राहकाकडून आलेल्या रिजेक्शनचा फोन, संध्याकाळी बँक. तुमचा मेल त्यानं वाचला, ‘बघू’ म्हणाला आणि तो खाली सरकत गेला. दुसरा मेल आला तेव्हा पहिल्याचं उत्तर राहिलं होतं. तिसरा आला तोवर आता काय लिहायचं असा संकोच तयार झाला. आपल्याकडे लेखी ‘नको’ म्हणणं बऱ्याच जणांना जड जातं, त्यामुळे ते गप्प राहतात.

‘उत्तराची गरज नाही, मी थांबतो’ एवढं तुम्ही लिहिलंत की तो संकोच संपतो. उशिराबद्दल सफाई देण्याची गरज उरत नाही. ज्याला खरंच नको आहे तो ‘सध्या नको’ लिहून मोकळा होतो. ज्याला हवं होतं पण राहून गेलं, त्याला विषय हातातून सुटतोय हे जाणवतं आणि तो दोन ओळी लिहितो. दुसरं कारण साधं आहे. आधीचे मेल त्याच्याकडून वेळ, भेट किंवा माहिती मागत होते. या मेलचं उत्तर एका शब्दात देता येतं.

मात्र मुळातच गरज नसलेल्या माणसात हा मेल गरज निर्माण करत नाही. अर्धवट राहिलेला विचार पुढे सरकवण्याइतकीच त्याची ताकद आहे.

किती मेलनंतर आणि किती दिवसांनी पाठवायचा?

आमच्या उदाहरणात क्रम असा आहे. पहिल्या दिवशी पहिला मेल. चार दिवसांनी दुसरा, त्यात गळती कशी शोधतात ते थोडक्यात. आणखी आठवड्याने तिसरा, सोबत एका नमुना अहवालाचं एक पान. त्यानंतर चार-पाच दिवसांनी एक फोन. फोन उचलला नाही किंवा बोलणं अर्धवट राहिलं, तर पुढे आठ-दहा दिवस काहीच नाही, आणि मग ब्रेकअप मेल. म्हणजे सगळं मिळून साधारण तीन ते चार आठवडे.

शेवटच्या मेलआधीचं अंतर सगळ्यांत मोठं ठेवा. कालच फॉलोअप पाठवून आज ‘मी थांबतो’ म्हटलं तर ते रुसल्यासारखं वाटतं. मधे शांतता गेली असेल तरच निरोप खरा वाटतो.

दिवस निवडताना पंचांग आणि आर्थिक वर्ष दोन्ही बघा. मार्चचा दुसरा पंधरवडा, दिवाळीचा आठवडा आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशीची शस्त्रपूजा हे दिवस सोडून द्या. औद्योगिक वसाहतीची साप्ताहिक सुट्टीही आधी विचारून घ्या, सगळीकडे ती रविवारीच असते असं नाही.

एक पूर्ण नमुना मिळेल का?

हा आमच्या उदाहरणातला मेल. आधीचे तीन मेल ज्या थ्रेडमध्ये आहेत, त्यालाच उत्तर म्हणून तो जातो. विषय पहिल्यापासून तोच: ‘शिरोली प्लांट: कॉम्प्रेसरच्या हवेची गळती’.

> नमस्कार साहेब,
>
> कॉम्प्रेसरच्या हवेच्या गळतीबद्दल मी गेल्या महिन्यात तुम्हाला तीन मेल पाठवले. हा विषय सध्या तुम्ही बाजूला ठेवला आहे असं समजून मी इथे थांबतो. या कामासाठी माझ्याकडून आता मेल येणार नाही.
>
> गळती किती आहे हे तुम्हाला आमच्याशिवायही मोजता येईल. सुट्टीच्या दिवशी हवेवर चालणारी सगळी मशिन बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करा आणि तो किती वेळ लोडवर, किती वेळ अनलोडवर राहतो ते बघा. लोड 2 मिनिटं आणि अनलोड 6 मिनिटं आली, तर क्षमतेच्या 25 टक्के हवा गळतीत जाते आहे. (व्हीएफडी कॉम्प्रेसरला ही पद्धत लागू पडत नाही.)
>
> माझा समज चुकला असेल तर एका ओळीत कळवा. नसेल तर उत्तराची तसदी घेऊ नका.
>
> आपला,
> नाव, फर्म, पुण्याचा पत्ता, मोबाइल

यातल्या प्रत्येक ओळीचं काम काय?

पहिल्या ओळीत विषयाचं नाव आहे, कारण वाचणाऱ्याला तुम्ही आठवत नसाल. ‘आधीच्या मेलसंदर्भात’ असं लिहिलंत तर त्याला थ्रेड उघडून खाली जावं लागतं, आणि मोबाइलवर वाचणारा तसं करत नाही.

‘बाजूला ठेवला आहे असं समजून’ हे या मेलचं मुख्य वाक्य आहे. त्यात तुम्ही एक अंदाज सांगता आणि तो खोडायची मोकळीक देता. अंदाज बरोबर असेल तर काही करावं लागत नाही. चुकीचा असेल तर ‘नाही हो, बघायचं आहे’ हे शब्द आपोआप सुचतात. याच जागी ‘तुम्हाला यात रस आहे का?’ असं विचारलंत तर हो म्हणणाऱ्याला पुढे भेट, कोटेशन, पाठपुरावा हे सगळं दिसू लागतं आणि तो पुन्हा गप्प बसतो. अंदाजही असा निवडा की त्यात समोरचा लहान दिसणार नाही. ‘बाजूला ठेवला आहे’ यात निर्णय त्याचा आहे आणि तो शहाण्यासारखा घेतलेला आहे. ‘वीज वाचवण्यात तुम्हाला रस नाही असं दिसतं’ हाही अंदाजच, पण तो टोमणा आहे.

दुसरा परिच्छेद म्हणजे जाता जाता हातात ठेवलेली वस्तू. ती फुकट हवी आणि तुमच्याशिवाय वापरता येणारी हवी. इथे दिलेली मोजणी ऊर्जा लेखापरीक्षणात नेहमी वापरली जाते. लोडवर असताना कॉम्प्रेसर हवा भरत असतो, अनलोडवर तो नुसता फिरत असतो. लोडवरची वेळ भागिले लोड आणि अनलोड मिळून झालेली एकूण वेळ, गुणिले शंभर. दोन भागिले आठ म्हणजे 25 टक्के. नीट देखभाल असलेल्या प्लांटमध्ये हा आकडा दहाच्या आत राहायला हवा. मालकाला घड्याळ आणि एक ऑपरेटर पुरतो. ‘आमचं माहितीपत्रक जोडलं आहे’ ही वस्तू देणं नव्हे, त्यात तुमचाच फायदा आहे.

व्हीएफडीची ओळ काढून टाकावीशी वाटेल, पण ती राहू द्या. व्हीएफडी कॉम्प्रेसर मागणीनुसार वेग बदलतो, त्यामुळे त्यात लोड-अनलोडची वेळ मिळत नाही. तसा कॉम्प्रेसर असलेल्या मालकानं मोजायला घेतलं आणि काहीच हाती लागलं नाही, तर तुमच्या माहितीवरचा त्याचा विश्वास जाईल.

शेवटच्या ओळीत मागणी एकच आहे, आणि तीही ऐच्छिक. कॅलेंडरची लिंक, ‘पंधरा मिनिटं मिळतील का’, नवीन सवलत, यातलं काहीही इथे नको.

मेल केवढा असावा?

मोबाइलच्या पडद्यावर एका नजरेत किंवा एकदा सरकवून वाचून व्हावा. वरचा नमुना साधारण शंभर शब्दांचा आहे आणि त्यातला मोठा भाग मोजणीसाठी गेला आहे. देण्यासारखं असं काही नसेल तर चाळीस-पन्नास शब्द पुरतात. साधा मजकूर ठेवा. लोगो, रंगीत बटणं, जोडलेल्या फायली यामुळे तो जाहिरातीसारखा दिसतो, आणि माणसानं माणसाला घेतलेला निरोप आहे ही जाणीव जाते.

त्याच थ्रेडमध्ये पाठवायचा की नवीन विषय लिहून?

मी त्याच थ्रेडच्या बाजूनं आहे. आधीचा मजकूर खाली असतो, त्यामुळे मालकाला तो तसाच मेंटेनन्सच्या माणसाला फॉरवर्ड करता येतो. फाउंड्रीत तर हे नेहमीच होतं. उत्तर पुष्कळदा मालकाकडून येत नाही, ज्याला त्यानं पुढे पाठवलं त्या माणसाकडून येतं. जीमेलमध्ये विषयाची ओळ बदलली की नवीन थ्रेड सुरू होतो, म्हणून तिला हात लावू नका.

पहिल्या मेलचा विषयच कमकुवत असेल, ‘व्यवसायाची संधी’ अशा छापाचा, तर मात्र नवीन विषय घ्या. तेव्हा विषयात खरं तेच लिहा: ‘हवेच्या गळतीचा विषय बंद करतो आहे’. नवीन मेलला मुद्दाम `Re:` लावून जुनं संभाषण असल्याचा भास करू नका. पहिल्या सेकंदाला तो उघडला जाईल आणि दुसऱ्या सेकंदाला तुमचं नाव खराब होईल.

कोणती वाक्यं टाळावीत?

सभ्य शब्दांतली तक्रार सगळ्यांत जास्त नुकसान करते. हा मजकूर बघा:

> साहेब, मी अनेक वेळा संपर्क करूनही आपणाकडून प्रतिसाद मिळाला नाही. आपण कामात व्यस्त असाल हे मी समजू शकतो. तरी हा माझा शेवटचा प्रयत्न आहे. दरवर्षी लाखो रुपयांची वीज वाया जात असताना याकडे दुर्लक्ष करणं परवडणारं नाही, एवढंच नमूद करतो.

एकही शब्द उद्धट नाही, तरी वाचणारा आखडतो. ‘अनेक वेळा संपर्क करूनही’ हा हिशेब मागितल्यासारखा आहे. ‘समजू शकतो’ यात मोठेपणा तुमच्याकडे येतो आणि दोष त्याच्याकडे जातो. ‘लाखो रुपये’ हा आकडा त्याचा प्लांट न बघता काढलेला आहे आणि ते त्याला कळतं. ‘दुर्लक्ष’ हा तर सरळ आरोप झाला. याला उत्तर द्यायचं म्हणजे आधी स्वतःचा बचाव करायचा, आणि अनोळखी माणसासमोर तो कोण करेल?

मेल पाठवण्याआधी त्यातलं ‘तुम्ही’ असलेलं प्रत्येक वाक्य वेगळं काढून वाचा. ज्या वाक्यात ‘तुम्ही’सोबत ‘नाही’ आलं असेल, ते ‘मी’पासून सुरू करून पुन्हा लिहा. ‘तुम्ही उत्तर दिलं नाहीत’ याचं ‘मी इथे थांबतो’ होतं.

विनोदी साचेही फिरत असतात. तुम्ही सुट्टीवर आहात की मगरीनं गिळलं, उत्तरात फक्त आकडा टाका, वगैरे. परदेशी सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये ते बरेच वापरले गेले. साठीतल्या फाउंड्री मालकाला अनोळखी माणसानं असं लिहिणं मला पटत नाही. एक-दोन-तीन पर्याय देण्याची पद्धत मात्र तरुण टीम असलेल्या कंपनीत चालते, कारण उत्तराला एक आकडा पुरतो. मालकाशी थेट पत्रव्यवहार असेल तर ते अर्ज भरून घेतल्यासारखं वाटतं.

‘तुम्ही मेल पाच वेळा उघडला’ असं लिहिलं तर चालेल का?

अजिबात नाही. एक तर पाळत ठेवल्यासारखं वाटतं. शिवाय तो आकडा खरा असेलच असं नाही. मेल उघडल्याची नोंद एका अदृश्य चित्रावरून होते. ॲपलच्या मेल ॲपमध्ये 2021 पासून आलेली गोपनीयतेची सोय चालू असेल, तर माणसानं मेल उघडला नसला तरी अशी चित्रं आधीच लोड होतात. कंपन्यांच्या सुरक्षा यंत्रणाही आलेल्या लिंक स्वतः तपासून बघतात आणि ते क्लिक म्हणून नोंदलं जातं. त्यामुळे ब्रेकअप मेल कुणाला पाठवायचा हेही ‘उघडला’वरून ठरवू नका. उत्तर आलं की नाही, एवढीच नोंद धरा.

मेल पोहोचतच नसतील तर?

बऱ्याच वेळा खरं कारण हेच असतं, आणि तिथे ब्रेकअप मेलची भाषा कितीही सुधारली तरी उपयोग नाही. ओळखायची एक साधी खूण आहे. पन्नास-साठ जणांना मेल गेले की त्यात दोन-चार तरी ‘मी अमुक तारखेपर्यंत रजेवर आहे’ अशी आपोआप जाणारी उत्तरं किंवा ‘आम्हाला नको’ अशी एखादी ओळ यायला हवी. स्पॅम ठरवलेल्या मेलला जीमेल रजेचं उत्तर पाठवत नाही. म्हणून सगळीकडून अगदी शुकशुकाट असेल, नकारसुद्धा येत नसतील, तर मेल स्पॅममध्ये जात असल्याची शंका घ्या.

तेव्हा मालिका थांबवा. मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आला आहे हे समोरच्या सर्व्हरला पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी नीट लावलेल्या आहेत का ते बघून घ्या आणि ओळखीच्या दोन-तीन कंपन्यांच्या पत्त्यांवर तोच मजकूर पाठवून तो कुठे पडतो ते विचारा. जीमेलवर मोठ्या प्रमाणात मेल पाठवणाऱ्यांसाठी गूगलनं फेब्रुवारी 2024 पासून नियम कडक केले. स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. तुम्ही दिवसाला वीसच मेल पाठवत असाल तरी ‘स्पॅम’ बटण दाबणारे थोडेसे लोक तुमचं डोमेन खराब करू शकतात. सभ्य शेवटचा मेल इथेही कामाला येतो, कारण ज्याला ‘नको’ म्हणायची सोपी वाट मिळते तो ते बटण दाबत नाही.

उत्तर आलं तर पुढे काय लिहायचं?

पुन्हा उघडलेलं बोलणं खरं तर इथेच बिघडतं. समजा आपल्या मालकाचं उत्तर आलं: ‘रविवारी मोजलं. लोड 3, अनलोड 5 मिनिटं. मार्चनंतर बघू.’

हिशेब करा. तीन भागिले आठ, म्हणजे 37.5 टक्के. आकडा मोठा आहे, आणि याच क्षणी कोटेशन, माहितीपत्रक आणि तीन तारखा पाठवायचा मोह होतो. ‘मार्चनंतर’ हे त्यानं लिहिलं आहे, ते ऐका. उत्तर असं द्या:

> धन्यवाद साहेब. 3 आणि 5 म्हणजे साधारण 37 टक्के येतात. हा आकडा बराच जास्त आहे, म्हणून एक खात्री करून घ्या. मोजताना एखादी ब्लो-गन किंवा ड्रेन व्हॉल्व्ह उघडा राहिला नव्हता ना? पुढच्या सुट्टीला एकदा परत मोजलंत तर बरं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी फोन करतो, चालेल ना?

यात तीन गोष्टी झाल्या. त्यानं घेतलेल्या कष्टाची दखल घेतली गेली. आकडा फुगवायचा सोडून तुम्ही तो तपासायला सांगितलात, हे विकणाऱ्याकडून त्याला अपेक्षित नसतं. आणि पुढची तारीख त्याच्याच शब्दांतून निघाली. आता ती तारीख वहीत किंवा शीटमध्ये लिहा आणि एप्रिलच्या दुसऱ्याच आठवड्यात फोन करा. मार्चमध्ये ‘सहज आठवण’ म्हणूनसुद्धा मेल नको.

‘नको’ असं उत्तर आलं तर एका ओळीत आभार माना आणि थांबा. का नको हे विचारू नका. ‘हे काम आमचे प्लांट हेड बघतात’ असं आलं तर त्यांचं नाव आणि त्यांना लिहायची परवानगी मागा. मग त्यांना नवीन, पहिल्या मेलसारखा मेल लिहा. त्यात ‘मालकांनी तुमचं नाव सांगितलं’ एवढं पुरे. रागावलेलं उत्तर आलं तर ‘क्षमस्व, तुमचा पत्ता यादीतून काढला आहे’ असं लिहा, आणि तो खरोखर काढा.

कोटेशन दिल्यानंतर ग्राहक गप्प झाला असेल तर हाच मेल चालेल?

नाही, तिथे थोडा बदल हवा. कोटेशन मागितलं म्हणजे गरज होती. मधे काहीतरी अडलं: बजेट, भागीदाराचं मत, दुसऱ्याचा कमी दर. तिथे अंदाज त्या कामाबद्दल बांधा. ‘तपासणीचं काम या वर्षी करायचं नाही असं ठरलं का?’ हे विचारणं योग्य, कारण तो तुमच्याशी आधी बोललेला आहे. कोटेशनची मुदत खरोखर संपत असेल तर तारीख सांगा: ‘आमचा दर 30 तारखेपर्यंतचा आहे, त्यानंतर मी ही फाईल बंद करतो.’ मुदत खोटी असेल तर लिहू नका. 1 तारखेला त्यानं फोन केला आणि तुम्ही जुन्याच दराला हो म्हणालात, तर पुढच्या प्रत्येक कोटेशनची मुदत त्याला खोटी वाटेल.

मोबदल्याचा आकडा या मेलमध्ये कमी करू नका. निरोपाच्या मेलमध्ये आलेली सवलत वाचून ग्राहक एवढंच शिकतो की गप्प बसलं की दर उतरतो.

‘शेवटचा मेल’ म्हटल्यावर परत मेल करता येतो का?

त्याच कामासाठी, त्याच मजकुराच्या आधारावर नाही. नमुन्यात ‘या कामासाठी’ हे शब्द म्हणूनच आहेत. सहा-आठ महिन्यांनी काही खरंच नवीन घडलं, जसं त्या फाउंड्रीनं दुसरं शेड सुरू केलं किंवा तुम्ही वेगळी सेवा आणली, तर नवीन थ्रेडमध्ये एक मेल लिहायला हरकत नाही. त्यात नवीन काय ते पहिल्या ओळीत हवं.

निरोपानंतर दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर ‘साहेब, मेल बघितला का?’ असं पाठवणं हीसुद्धा दिलेला शब्द मोडण्याचीच गोष्ट आहे. फोन किंवा व्हॉट्सॲप करायचं असेल तर ते ब्रेकअप मेलच्या आधी उरका.

बऱ्याचदा शब्द मोडतो तो नकळत, यादीतल्या गोंधळामुळे. तुम्ही निरोप घेतलेला पत्ता सहकाऱ्याच्या दुसऱ्या यादीत असतो आणि सोमवारी त्याचा पहिला मेल जातो. म्हणून थांबवलेल्या पत्त्यांची एकच शीट सगळ्यांसाठी ठेवा आणि नवीन यादी चढवण्याआधी ती या शीटशी ताडून बघा. एकाच फाउंड्रीत मालक आणि मेंटेनन्स हेड दोघांनाही लिहिलं असेल, तर निरोपाचा मेल एकालाच, मालकाला पाठवा. दोघं एकाच केबिनमध्ये चहा पितात. दोघांच्या मोबाइलवर एकाच सकाळी तोच मजकूर दिसला तर तो यंत्रानं पाठवल्याचं उघड होतं.

मराठीत लिहू की इंग्रजीत?

पहिला मेल ज्या भाषेत लिहिला त्याच भाषेत. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडच्या मालकांना मराठीत लिहिलेलं आवडतं आणि ते मराठीतच, कधी इंग्रजी लिपीत, उत्तर देतात. पुण्याच्या मोठ्या कंपनीतल्या खरेदी विभागात इंग्रजी बरं, कारण मेल पुढे कुणाकडे जाईल ते माहीत नसतं. निरोपाच्या मेलमध्ये अचानक भाषा बदलली तर कुणीतरी वेगळाच माणूस लिहितो आहे असं वाटतं.

परदेशी ग्राहकांना पाठवताना कायद्याचं काय?

कास्टिंग निर्यात करणाऱ्यांना आणि अमेरिकी ग्राहकांना लिहिणाऱ्या आयटी फर्मना हे माहीत असायला हवं. अमेरिकेच्या 2003 च्या कॅन-स्पॅम कायद्यानुसार व्यावसायिक मेलमध्ये तुमचा टपालाचा पत्ता आणि नको म्हणण्याची सोय असावी लागते, विषयाची ओळ दिशाभूल करणारी चालत नाही, आणि कुणी नको म्हटलं तर कामकाजाच्या दहा दिवसांत ते अमलात आणावं लागतं. युरोपीय संघात जीडीपीआरनुसार थेट विपणनाला हरकत घ्यायचा हक्क माणसाला आहे, आणि हरकत आली की थांबावंच लागतं. म्हणजे निरोपाच्या मेलला ‘नको’ हे उत्तर आलं तर तिथे तो शिष्टाचारापुरता प्रश्न राहत नाही.

आपला ब्रेकअप मेल खरंच काम करतो हे कसं कळणार?

‘शेवटच्या मेलला सगळ्यांत जास्त उत्तरं आली’ एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. कदाचित तिथे साधा फॉलोअप पाठवला असता तरी तेवढीच उत्तरं आली असती, कारण मधे मोठं अंतर गेलं होतं. बघायचं असेल तर त्या टप्प्यावर आलेल्या पत्त्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन भाग करा. एका भागाला ब्रेकअप मेल, दुसऱ्याला त्याच दिवशी, त्याच वेळी साधा फॉलोअप.

उत्तरं मोजताना तीन रकाने करा: पुढे बोलायचं आहे, नंतरची तारीख किंवा दुसरं नाव दिलं, आणि नको. रजेची आपोआप आलेली उत्तरं यात धरू नका. काही सॉफ्टवेअर ती उत्तर म्हणून मोजतात आणि मालिकाही तिथेच थांबवतात, तेव्हा ते सेटिंग बघून घ्या. प्रत्येक भागात वीस-वीस पत्ते असतील आणि एकीकडे तीन, दुसरीकडे पाच उत्तरं आली, तर त्यावरून काही ठरवू नका. एवढा फरक निव्वळ योगायोगानंही पडतो. दोन-तीन तिमाह्यांचे आकडे एकत्र करा, आणि तोवर ‘नको’चा रकाना यादी साफ करायला वापरा. त्यातला प्रत्येक पत्ता त्याच दिवशी थांबवलेल्यांच्या शीटमध्ये जायला हवा.